दवाचे थेंब, कोवळं ऊन आणि लाकडी खोका

भाजी घरपोच देणारं कुठलंही ॲप उघडा किंवा चौकातल्या नव्या 'शेतातून थेट' दुकानाचा फ्लेक्स पाहा, चित्र तेच असतं. जुनाट लाकडी खोका, त्यातून ओसंडणारी भाजी, टोमॅटोवर टपोरे थेंब आणि मागून येणारं सोनेरी ऊन. पूर्वी या चित्रासाठी फोटोग्राफर, स्टुडिओ आणि अर्धा दिवस लागायचा. आता चित्र काढून देणाऱ्या एआय साधनाला चार ओळी लिहून दिल्या की मिनिटाभरात काम होतं. या लेखी मागणीला प्रॉम्प्ट म्हणतात. काम सोपं झालं खरं, पण चित्रात जुन्नरची भाजी मागितली तरी बऱ्याचदा इटलीची येते.

हे का होतं ते एका उदाहरणातून पाहू. समजा, जुन्नर तालुक्यातला एक शेतकरी गट आठवड्यातून दोनदा पुण्यातल्या सोसायट्यांना भाजी पोचवतो. डिसेंबर महिना आहे; मेथी, वांगी आणि टोमॅटो भरपूर आहेत. गटाला दोन बॅनर हवे आहेत, एक मोबाइलवरच्या ऑर्डरच्या पानासाठी आणि एक सोसायटीच्या फाटकावर लावायला, नऊ फूट बाय तीन फूट. गटातला कुणी तरुण पहिल्या झटक्यात जे लिहील ते साधारण असं असेल:

```
farm fresh vegetables, dewy, morning light,
rustic wooden crate, grocery banner
```

यातून जे चित्र येतं त्यात बहुधा झुबक्यातले छोटे टोमॅटो असतात, लाल-पिवळ्या ढोबळ्या मिरच्या, ब्रोकोली, कधी भोपळा. खोका सफरचंदाचा वाटावा असा, त्याच्या फळीवर छापल्यासारखी अक्षरं, पण वाचायला गेलं तर अर्थ लागत नाही. मेथीचा पत्ताच नसतो. मागितली तर कोथिंबीर किंवा कोथिंबिरीसारखं काहीतरी येतं.

यंत्राने शेत पाहिलेलं नाही. ही साधनं इंटरनेटवरची कोट्यवधी चित्रं आणि त्या चित्रांखाली लिहिलेल्या ओळी यांच्या जोड्यांवर शिकवलेली असतात. चित्र काढताना ती निव्वळ ठिपक्यांच्या गोंधळापासून सुरुवात करतात आणि आपल्या शब्दांकडे बघत टप्प्याटप्प्याने तो गोंधळ साफ करत चित्र पुढे आणतात. कुठल्या शब्दाशी कुठलं चित्र जोडायचं, हे त्या जोड्यांवरून ठरतं. त्यातल्या ओळी मोठ्या प्रमाणात इंग्रजी. `rustic` हा शब्द ज्या चित्रांखाली सापडतो ती बहुतेक युरोप-अमेरिकेतल्या शेतकरी बाजारांची, तिथल्या स्वयंपाकघरांची. म्हणून हा शब्द लिहिला की लाकडी खोक्याबरोबर त्या बाजारातली भाजीही न मागता आत येते. `farm fresh` तर आणखी वाईट. ती जाहिरातीची भाषा आहे, म्हणून यंत्र जाहिरातच काढतं, शिक्के आणि फिती यांच्यासकट. `banner` लिहिलं की कधी कधी चित्रात खरोखरच कापडी पट्टी लटकवलेली दिसते.

तेव्हा पहिलं काम म्हणजे हे कौतुकाचे शब्द काढून टाकणं. ताजं, अस्सल, गावाकडचं हे आपलं मत झालं, आणि मताचं चित्र काढायला सांगितलं की यंत्र इतरांनी त्या मताखाली जे दाखवलं तेच दाखवतं. त्याऐवजी समोर नेमकं काय ठेवलं आहे ते सांगायचं. कुठली भाजी, कशात, कशावर, ऊन कुठून येतंय, पाणी कुठे आहे आणि कुठे नाही.

भाजीपासून सुरू करू. `eggplant` लिहिलं की हातभर लांबीचं काळंजांभळं चकचकीत वांगं येतं. आपलं भरल्या वांग्याचं वांगं हवं तर त्याचं वर्णनच करावं लागतं. लहान, गोल, जांभळ्यावर पांढऱ्या रेघा, हिरवी टोपी आणि टोपीवर काटे. मेथीचं `fenugreek` हे नाव यंत्राला ठाऊक असतं, पण ते तिला दुसऱ्या पालेभाजीत सहज मिसळून टाकतं. एका देठाला तीन तीन गोलसर पानं, मुळांसकट बांधलेली जुडी, एवढं सांगितलं की चित्र जागेवर येतं. टोमॅटोची अडचण वेगळी आहे. तो आपोआप इतका गुळगुळीत आणि एकसारखा येतो की प्लास्टिकचा वाटतो. काहींवर किंचित डाग आहेत, आकार सारखे नाहीत, असं मुद्दाम लिहावं लागतं.

मग तो खोका. जुन्नर-नारायणगावच्या पट्ट्यात टोमॅटो वीस किलोच्या प्लास्टिक क्रेटमधून बाजारात जातो आणि पालेभाजी जुड्यांनी. लाकडी खोक्यातून मेथी येताना मी तरी पाहिलेली नाही. डिझायनरला प्लास्टिकचा क्रेट डोळ्यांत खुपतो, हे मान्य. पण लाकडी खोकाच हवा हा हट्टही उसनाच आहे. बांबूची उथळ पाटी आणि तिच्याखाली ओलं गोणपाट, हे दिसायला देखणं आहे आणि गटाच्या शेडमध्ये खरोखर असू शकतं. कुणाला खोकाच हवा असेल तर निदान तो कोरा, अक्षरांविना असावा.

आता दव. या चित्राचा जीव त्या थेंबांत आहे आणि बहुतेक चित्रं फसतात तीही तिथेच. निरभ्र, वारा पडलेल्या रात्री झाडाची पानं आपली उष्णता उघड्या आकाशाकडे सोडून भोवतालच्या हवेपेक्षा गार होतात. गार पानाला लागलेल्या हवेतली वाफ तिथेच पाणी होऊन बसते. म्हणून दव आधी पडतं ते आकाशाकडे तोंड असलेल्या वरच्या पानांवर. पानांच्या आड लपलेला टोमॅटो पुष्कळदा कोरडाच राहतो. शिवाय दव असताना टोमॅटोच्या किंवा घेवड्याच्या ओल्या झाडांत शिरून तोडणी करणं जाणता शेतकरी टाळतो, कारण ओल्या पानांना हात लागत गेला की रोग एका झाडावरून दुसऱ्यावर पसरतो. ओला माल बंद खोक्यात भरला तर तो वाटेत सडायला लागतो, ही आणखी एक भीती. म्हणजे थेंबांनी निथळणारा टोमॅटो हे शहरात ताजेपणाचं चिन्ह असलं, तरी तो पिकवणाऱ्याच्या डोळ्यांना ती चूक दिसते. ओल्या कांद्याचं तर विचारूच नका. दवात भिजलेले कांदे बॅनरवर दिसले तर नाशिककडचा कुणीही शेतकरी पहिल्यांदा विचारेल, "चाळीत पाणी शिरलं काय?"

मग थेंब दाखवायचेच नाहीत का? दाखवायचे, पण ते पाणी आलं कुठून हे आधी ठरवून. आपल्या चित्रात भाजी तोडून पाटीत ठेवलेली आहे. म्हणजे हे शेतातलं दव नाही. शेडमध्ये हाताने शिंपडलेलं पाणी आहे. पालेभाजी कोमेजू नये आणि वांग्याला तकाकी यावी म्हणून असं पाणी मारतातच. हे एकदा ठरलं की पुढचं आपोआप ठरतं. शिंपडलेलं पाणी वरून पडतं, म्हणून थेंब वरच्या बाजूला असणार आणि खालची बाजू कोरडी. मेथी आणि वांगी ओली, टोमॅटो कोरडे. गोणपाट ओलं असल्यामुळे जागोजागी गडद. थेंबांचे आकार लहानमोठे, आणि मध्ये मध्ये मोकळी जागा. यंत्राला नुसतं `dewy` म्हटलं की ते मेथीपासून पाटीच्या काडीपर्यंत सगळ्यावर एकाच मापाचे थेंब पेरतं, थंड बाटलीवर पाणी सुटावं तसे.

थेंब खोटं पाडण्याची सुरुवात एआयने केलेली नाही, हेही सांगितलं पाहिजे. खाद्यपदार्थांचे फोटो काढणारे कितीतरी वर्षं पाण्यात ग्लिसरीन मिसळून फवारतात. नुसतं पाणी दिव्याच्या उष्णतेने सुकतं किंवा ओघळून जातं. ग्लिसरीनचा थेंब तासन्‌तास जागचा हलत नाही. जाहिरातीतल्या ज्या थेंबांवर आपण भाळलो त्यातले बरेच या जातीचे होते, आणि यंत्रही शिकलं ते त्यांच्याच फोटोंवरून. एआयचे थेंब पाण्यापेक्षा घट्ट, सरसासारखे दिसतात, त्याचं एक कारण हे असावं असं मला वाटतं.

खऱ्या थेंबाची पारख करायची तर एकच थेंब मोठा करून बघावा. थेंब हे छोटं भिंग असतं. ऊन डावीकडून वरून येत असेल तर थेंबाच्या डाव्या वरच्या कडेला एक बारीक पांढरा ठिपका दिसतो, तो उन्हाचा थेट चमकारा. पण आत शिरलेला प्रकाश वाकून पलीकडे जमा होतो, म्हणून थेंबाची उजवी खालची बाजू आतून उजळलेली असते आणि त्याच्याही पलीकडे वांग्याच्या सालीवर लहानशी सावली पडते, कधी त्या सावलीच्या पोटात उजेडाचा एक तुकडा. यंत्राने काढलेल्या थेंबात पांढरा ठिपका बहुधा असतो. पलीकडची सावली मात्र पुष्कळदा नसते. किंवा एका वांग्यावरचे ठिपके डावीकडे आणि शेजारच्या वांग्यावरचे उजवीकडे, म्हणजे आकाशात दोन सूर्य. जागाही बघावी. वांग्याच्या सालीवर आणि मेथीच्या पानावर पाणी सारखंच बसत नाही. दोन्हीकडे सारखेच गोल मणी दिसले की चित्र परत काढायला सांगावं.

थेंब उठून दिसतात ते उन्हाच्या दिशेमुळे. कॅमेऱ्याच्या पाठीमागून, म्हणजे भाजीच्या तोंडावर ऊन आलं तर थेंब सालीत मिसळून जातात. तेच ऊन भाजीच्या मागून किंवा बाजूने आलं की प्रत्येक थेंब पेटतो आणि मेथीची पानं आरपार हिरवी दिसतात. म्हणून `morning light` एवढंच लिहून भागत नाही. सकाळ म्हणजे यंत्राला नुसता पिवळा रंग वाटतो आणि ते सगळ्या चित्रावर हळद फासल्यासारखं करतं. सूर्य क्षितिजाजवळ आहे, मागून उजवीकडून येतोय, सावल्या लांब आहेत आणि डावीकडे पुढे पडल्या आहेत, असं लिहिलं की रंग न सांगताही सकाळ होते. डिसेंबरात आपल्याकडे सूर्य सातच्या सुमारास उगवतो. खरं म्हणजे तोवर बाजार समितीत जाणारा माल कधीच निघून गेलेला असतो. मोठ्या बाजारांत भाजी रात्रीच उतरते. पण थेट घरी देणाऱ्या गटाची पाटी सातला शेडमध्ये असू शकते, तेव्हा इथे सकाळच्या उन्हात खोटं काही नाही.

चौथी गोष्ट रिकाम्या जागेची. बॅनरवर गटाचं नाव, भाव आणि फोन नंबर येणार, त्याला जागा लागते. नवख्याच्या प्रॉम्प्टमध्ये ती सुटते, मग चित्र कडेपर्यंत भाजीने भरतं आणि अक्षरं वांग्यांवर चढतात. सगळी भाजी उजव्या अर्ध्यात आणि डावीकडे धूसर हिरवं शेत, असं आधीच सांगावं. अक्षरं चित्रातच काढून मागू नयेत. इंग्रजी अक्षरं आता बरीच साधनं नीट काढतात, पण देवनागरीत अजून जोडाक्षरं मोडतात, वेलांटी भलत्याच अक्षरावर बसते. मजकूर नंतर डिझाइनच्या साध्या सॉफ्टवेअरमध्ये स्वतः टाकावा.

एवढं सगळं धरून गटाचा प्रॉम्प्ट असा होईल:

```
Wide photograph, just after sunrise in winter.
Low sun from behind right, long shadows toward front left.
Right half: shallow round bamboo basket on damp jute sacking.
Bunches of fenugreek with roots, rounded leaflets in threes.
Small round brinjals, purple with white streaks, thorny green caps.
Dry ripe tomatoes, uneven sizes, a few slight marks.
Water drops on the upper side of leaves and brinjals,
mixed sizes, with dry patches between.
Left half: smooth out-of-focus green field.
```

यात 'नको' हा शब्द एकदाही आलेला नाही, आणि ते मुद्दाम. वाक्यात `no text` लिहिलं तर अनेक साधनं `text` हा शब्द पकडतात आणि `no` सोडून देतात. नको म्हटलेली अक्षरंच खोक्यावर उमटतात. नकोशा गोष्टींसाठी स्टेबल डिफ्यूजनमध्ये वेगळा रकाना असतो, मिडजर्नीमध्ये शेवटी खूण द्यायची असते. तिथेच चित्राची लांबी-रुंदीही सांगतात:

```
--ar 3:1 --style raw --no text, letters, hands
```

पहिली खूण म्हणजे उंचीच्या तिप्पट लांबी. दुसरी साधनाला आपल्या पदरची सजावट कमी कर म्हणून सांगते. ती नसली तर ऊन पुन्हा हळदीसारखं होतं. ज्या साधनाशी गप्पा मारल्यासारखं बोलता येतं तिथे या खुणा चालत नाहीत, तेच साध्या वाक्यात सांगावं. मराठीत लिहिलेला प्रॉम्प्टही तिथे चालतो, पण वांग्याच्या टोपीवरचे काटे इंग्रजीत सांगितले की जास्त नेमके येतात, असा माझा अनुभव.

चित्र आलं की सगळा प्रॉम्प्ट नव्याने लिहायचा मोह होतो. तो टाळून एका वेळी एकच ओळ बदलावी, नाहीतर कशामुळे काय सुधारलं ते कळत नाही. आणि देठ तपासावेत. यंत्र शेजारच्या वस्तू एकमेकींत विरघळवतं. वांग्याची टोपी टोमॅटोवर, मेथीचा देठ पाटीच्या विणीत, असे प्रकार पहिल्या नजरेला सुटतात आणि छापल्यावर दिसतात.

आता दोन बॅनरचा प्रश्न. मोबाइलवर ही तीनास एक पट्टी जेमतेम दोन बोटं उंच असते. त्यात अख्खी पाटी बसवली तर वांगं शेंगदाण्याएवढं होतं आणि ज्या थेंबांसाठी एवढा खटाटोप केला ते दिसतच नाहीत. मोबाइलसाठी वेगळं, जवळून घेतलेलं चित्र मागावं. तीन वांगी आणि मेथीचा एक झुबका, बस. फ्लेक्सवर उलटी अडचण येते. नऊ फूट म्हणजे 108 इंच. दुरून बघायच्या छपाईला इंचाला 72 ठिपके पुरे धरले तरी 7,776 ठिपक्यांची रुंदी लागते, आणि साधन सहसा हजार-दोन हजारांचं चित्र देतं. मग ते चारपाच पट वाढवणारं सॉफ्टवेअर वापरावं लागतं. हे सॉफ्टवेअरही मधले ठिपके अंदाजाने भरतं, म्हणजे नवे थेंब आणि नवी पानं रचतं. वाढवलेलं चित्र पडद्यावर पूर्ण मापात सरकवत पुन्हा बघावं लागतं, ते यासाठी. शिवाय पडद्यावरचा झगझगीत हिरवा छपाईच्या शाईत तसा उतरत नाही, मळका होतो. मेथी आधीच थोडी फिकी ठेवलेली बरी.

उरतो प्रश्न खरेपणाचा. 1970 मध्ये अमेरिकेत कॅम्पबेल सूप कंपनीच्या जाहिरातीवर तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने आक्षेप घेतला होता, कारण वाडग्याच्या तळाशी काचेच्या गोट्या टाकून भाजीचे तुकडे वर आणले होते आणि सूप असावं त्याहून दाट दिसत होतं. भाजी खरीच होती, पण तिच्यामुळे ग्राहकाचा समज चुकीचा होत होता. आपल्याकडे ग्राहक संरक्षण कायदा, 2019 दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींना हात घालतो. 'ताजं' हा शब्द कधी वापरावा याचे नियमही अन्न सुरक्षा प्राधिकरणाने 2018 मध्ये केले आहेत. धुणं, सोलणं, कापणं, थंड ठेवणं अशा मोजक्या गोष्टींपलीकडे प्रक्रिया झालेल्या मालाला तो सहसा लावता येत नाही. मेथीच्या जुडीला त्याची अडचण नाही. अडचण येते ती प्रॉम्प्टमध्ये `organic` घुसवलं की. चित्रात कुठेतरी हिरवं पान असलेला गोल शिक्का उमटतो, आणि प्रमाणपत्र नसलेल्या गटाच्या बॅनरवर तो म्हणजे सरळ खोटा दावा होतो.

माझ्या मते एआयचं चित्र बॅनरपुरतं ठेवावं. ऑर्डरच्या पानावर 'वांगी, अर्धा किलो' या ओळीशेजारी मात्र त्याच आठवड्यातल्या वांग्यांचा मोबाइलवर काढलेला फोटो हवा, कारण ग्राहक पैसे मोजतो ते त्या ओळीवर. आणि बॅनरमध्येही जे पाटीत नाही ते चित्रात नको. गट ब्रोकोली पिकवत नसेल तर ती कितीही शोभली तरी काढायची.

चित्र छपाईला धाडण्याआधी भाजी निवडून जुड्या बांधणाऱ्या बाईंना दाखवावं. डिझायनर उन्हाचा रंग बघेल; त्या जुडी कशाने बांधली आहे ते बघतील आणि मेथीच्या नावाखाली आलेली दुसरी पालेभाजी चटकन ओळखतील. हा प्रॉम्प्ट जपूनही ठेवावा, कारण पुढच्या हंगामात त्यातल्या मोजक्याच ओळी बदलतात. मेमध्ये हिवाळ्याचं ऊन काढायचं, मेथीच्या जागी गवार आणि काकडी लिहायची. जुलैत सूर्याची ओळच जाते. ढगाळ, सावलीविना पसरलेला उजेड लिहायचा, डावीकडच्या शेतात चिखल येऊ द्यायचा, आणि तेव्हा भाजीवरचं पाणी कुठून आलं हे कुणाला सांगावं लागत नाही.